लाडाचा वाटा

पशुवैद्य डॉक्टरांनी आमच्या डॉग फूडची पिशवी हातात घेतली, पुढचा भाग पाहिलाच नाही आणि ती थेट उलटी केली. पुढच्या बाजूवर आम्ही चार महिने घालवले होते. कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसून बसलेली छोटी मुलगी, ओसंडून वाहणारं भांडं आणि वर एकच ओळ, ‘घरातलाच एक’. डॉक्टरांचं बोट मागच्या बारीक अक्षरांवरून फिरत होतं. शेवटी त्यांनी विचारलं, “यात कॅलरी किती?”

मी म्हटलं, “प्रथिनं सव्वीस टक्के आहेत.”

“ते वाचलं मी. शंभर ग्रॅममध्ये कॅलरी किती?”

मला माहीत नव्हतं. बाहेर तीन जण आपापल्या कुत्र्यांना मांडीवर आणि पायाशी सांभाळत बसले होते, त्यामुळे भेट तिथेच संपली. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, “आकडा नसेल तर मी ‘किती घालायचं’ हे कुणाला सांगणार? आणि मला दिवसभर तेवढंच विचारतात लोक.”

मी पेट फूडमध्ये येण्याआधी लहान मुलांच्या वस्तूंच्या ब्रँडवर काम करत होते. तिथली शिकवण डोक्यात पक्की होती: आईच्या मनाला हात घाला, डॉक्टरांची सही आपोआप मागून येते. नव्या कंपनीत मी तेच करायला घेतलं. आम्ही बावीस घरांत जाऊन बसलो आणि लोक आपल्या कुत्र्याला जेवायला कसं घालतात ते पाहिलं. एक काकू भांडं खाली ठेवल्यावर तिथेच उकिडव्या बसायच्या, शेवटचा दाणा संपेपर्यंत. एक मुलगा ऑफिसातून उशिरा आला की अपराधीपणापोटी दुसऱ्यांदा भांडं भरायचा. ‘तो जेवला की माझं पोट भरतं’ हे वाक्य तर मी वेगवेगळ्या शब्दांत निम्म्या घरांत ऐकलं. ‘घरातलाच एक’ ही ओळ तिथूनच आली. ओळ खोटी नव्हती, पण त्या घरांत मी एक गोष्ट पाहूनही सोडून दिली होती: बावीसपैकी बऱ्याच कुत्र्यांच्या बरगड्या हाताला लागत नव्हत्या.

डॉक्टरांसाठी आमची वेगळी योजना होती. मालकांना जाहिरात आणि पशुवैद्यांना चकचकीत पत्रक. पत्रकात ओमेगा-३, प्रोबायोटिक वगैरे. एका ब्रँडची दोन तोंडं. हे चालणार नाही हे कळायला मला फार दिवस लागले नाहीत, कारण दोन्ही तोंडं शेवटी एकाच खोलीत समोरासमोर येतात. मालक पिशवीचा फोटो मोबाइलवर घेऊन दवाखान्यात जातो आणि विचारतो, “डॉक्टर, हे कसं आहे?” त्या क्षणी डॉक्टरांसमोर आमचं पत्रक नसतं, भरलेल्या भांड्याचं चित्र असतं.

पुढच्या दीड महिन्यात मी अकरा पशुवैद्यांना भेटले आणि या वेळी पत्रक न देता प्रश्न लिहून घेतले. ते आश्चर्य वाटावं इतके सारखे होते. पाककृती कोण बनवतं आणि त्या माणसाचं पशुपोषणातलं शिक्षण काय? कारखाना तुमचा की दुसऱ्याचा? प्रत्येक बॅच तपासता का? कॅल्शियम आणि फॉस्फरस ‘किमान इतकं’ असं न सांगता प्रत्यक्षात किती आहे ते सांगाल का? नंतर समजलं की यातले बरेचसे प्रश्न पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेच्या, म्हणजे डब्ल्यूएसएव्हीएच्या, पोषणविषयक मार्गदर्शनातून येतात. मला ते प्रश्न म्हणजे अडवणूक वाटत होते. खरं तर ती आयती तयार प्रश्नपत्रिका होती आणि आम्ही ती न वाचताच परीक्षेला बसलो होतो.

त्या प्रश्नांत सगळ्यात महागात पडला तो ‘ग्रेन-फ्री’ हा शब्द. मालकांच्या गटचर्चांत तो धावत होता: धान्य म्हणजे भरताड, कुत्रा मूळचा लांडगा, वगैरे. आमच्या एका पाककृतीत धान्याऐवजी वाटाणे आणि मसूर होते आणि आम्ही ते पिशवीच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत मिरवणार होतो. अकरापैकी सात डॉक्टरांनी तिथेच भुवया उंचावल्या. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने कुत्र्यांच्या हृदयाच्या एका आजाराबाबत चौकशी सुरू केल्याचं जाहीर केलं होतं. या आजारात हृदयाचे स्नायू पातळ होतात आणि हृदय फुगतं. नोंद झालेल्या बऱ्याच कुत्र्यांच्या खाद्यात धान्य नव्हतं आणि वाटाणे-मसुरासारखी कडधान्यं किंवा बटाटे भरपूर होते. डिसेंबर २०२२ मध्ये एफडीएने सांगितलं की कार्यकारणसंबंध सिद्ध करायला ही माहिती पुरेशी नाही आणि आता नेमाने माहिती प्रसिद्ध करणार नाही. म्हणजे दोषही सिद्ध नाही आणि निर्दोषत्वही नाही.

विक्री विभागाचं म्हणणं होतं, सिद्ध झालेलं नाही ना, मग ठेवू या. मी उलट्या बाजूची होते आणि अजूनही आहे. मालकाच्या मनात जो शब्द खेचतो आणि डॉक्टरांच्या मनात जो शब्द ढकलतो, त्याच्यावर ब्रँड उभा करता येत नाही. दवाखान्यातलं एक ‘हं…’ आमच्या सगळ्या जाहिरातींना पुरून उरतं. ती पाककृती आम्ही मागे घेतली.

मग दुसरा मोह आला, डॉक्टरांना कमिशन देण्याचा. “दवाखान्यातून विका, टक्के द्या, विश्वास आपोआप येईल,” असं एका अनुभवी गृहस्थांनी समजावलं. दवाखान्यातून खाद्य विकणं यात गैर काही नाही, पण आमच्या अडचणीवर तो उपाय नव्हता. या धंद्यातले मोठे जुने ब्रँड दवाखान्यातून बाहेर आले आहेत. हिल्सची मुळं मार्क मॉरिस या पशुवैद्यांनी १९३९ मध्ये बडी नावाच्या एका अंधमार्गदर्शक कुत्र्याच्या मूत्रपिंडासाठी बनवलेल्या अन्नात आहेत. रॉयल कॅनिनही १९६८ मध्ये एका पशुवैद्यानेच सुरू केलं. त्यांच्याकडे विश्वास आधीपासून होता, प्रेम त्यांनी नंतर मिळवलं. आमचा प्रवास उलटा होता, आणि टक्के देऊन तो सुलटा होत नाही. मालकाला वास येतोच.

मग मी सरळ एका दवाखान्यात जाऊन बसायची परवानगी मागितली. त्याच डॉक्टरांकडे, ज्यांनी पिशवी उलटी केली होती. त्यांनी अट घातली की कोपऱ्यात बसायचं, बोलायचं नाही, ब्रँडचं नाव काढायचं नाही. मी नऊ दिवस बसले.

तिसऱ्या दिवशी एक लॅब्राडोर आला. सहा वर्षांचा, नसबंदी झालेला, ३४ किलो. डॉक्टरांनी बरगड्यांवरून हात फिरवला, वरून कंबर पाहिली आणि कार्डावर लिहिलं ‘७/९’. शरीरस्थितीच्या नऊ गुणांच्या मापात ४-५ म्हणजे ठीक, आणि पाचच्या वर प्रत्येक गुण म्हणजे ढोबळमानाने दहा टक्के जास्तीचं वजन. म्हणजे या कुत्र्याचं योग्य वजन साधारण २८ किलो. डॉक्टर म्हणाल्या, “काका, वजन वाढलंय याचं.” काकांचा चेहरा क्षणात बंद झाला. “अहो, फार खातच नाही तो. पिशवीवर लिहिलंय तेवढंच घालतो.” डॉक्टरांनी विषय बदलला आणि कानाकडे वळल्या.

ते गेल्यावर मी नियम मोडून विचारलं की विषय का सोडला. त्या म्हणाल्या, “वजनाचं बोललं की माणसाला ऐकू येतं, तुम्ही नीट सांभाळत नाही. दोनदा बोलले की ते तिसऱ्यांदा दुसऱ्या डॉक्टरकडे जातात.”

मला जे हवं होतं ते त्या वाक्यात होतं. मालकाचं प्रेम भांड्यात जातं, डॉक्टरांची काळजीही त्याच भांड्याबद्दल असते, आणि दोघांनाही त्याबद्दल बोलता येत नाही. आम्ही दोघांना दोन वेगळ्या गोष्टी पटवायला निघालो होतो, आणि दोघांची अडचण मात्र एकच होती.

काकांचा पत्ता डॉक्टरांनी त्यांना विचारून दिला. मी वजनकाटा घेऊन त्यांच्या घरी गेले. ते आमचंच खाद्य घालत होते, हे मला तिथे कळलं. सकाळ-संध्याकाळ मिळून त्यांच्या वाट्यांचं वजन भरलं २९० ग्रॅम. आमच्या खाद्यात ग्रॅममागे ३.६ कॅलरी (हो, तोवर मी आकडा काढून घेतला होता), म्हणजे सुमारे १०४५. त्यावर चार बिस्किटं, म्हणजे १६०. ताटातलं इकडचं तिकडचं धरून अजून नव्वद. एकूण तेराशेच्या आसपास.

आता त्याला लागतात किती? पशुवैद्य ज्या सूत्राने सुरुवात करतात ते असं: किलोतल्या वजनाचा ०.७५ वा घात घ्यायचा आणि ७० ने गुणायचं. ही झाली नुसतं पडून राहण्याची गरज. त्यावर हालचाल, वय, नसबंदी यांचा गुणक लागतो. ३४ किलोला पडून राहायला येतात साधारण ९८५. नसबंदी झालेल्या, फिरायला जाऊन बाकी वेळ लोळणाऱ्या कुत्र्याला गुणक १.३ धरला तर १२८०. म्हणजे तो जेवढं खात होता तेवढ्यात त्याचं वजन बरोबर ३४ वर टिकून राहत होतं. काका खोटं बोलत नव्हते. आणि पिशवीवरचा आमचा तक्ता काय सांगत होता? ‘२५ ते ३५ किलो: २८० ते ४५० ग्रॅम.’ काका तर खालच्या टोकालाच होते! त्या तक्त्याचं वरचं टोक १.६ गुणक धरून काढलं होतं. खूप कुत्र्यांना, त्यातही नसबंदीनंतरच्या घरगुती कुत्र्यांना, तो गुणक जास्त पडतो. ‘घरातलाच एक’ म्हणत आम्हीच त्याला सहा किलो जास्त खाऊ घातलं होतं.

मी परत येऊन हे मांडलं तेव्हा पहिला सूर उमटला तो ‘वजन कमी करणारं खाद्य’ काढू या असा. डॉक्टरांनी तो तिथल्या तिथे खोडला, आणि आमच्या पोषणतज्ज्ञांनीही. या लॅब्राडोरला उतरवायचं तर २८ किलोच्या गरजेइतक्याच, म्हणजे साधारण ८५० कॅलरी द्याव्या लागतील. थोडं बाकीचं खाणं वगळून आमचं खाद्य २१३ ग्रॅम. पण रोजच्या खाद्यातली प्रथिनं, जीवनसत्त्वं, खनिजं ही कुत्रा नेहमीइतक्या कॅलरी खाणार असं धरून घातलेली असतात. खाद्य पाव भागाहून जास्त कापलं की तीही कापली जातात. उतरवण्यासाठी वेगळं, जास्त दाट पोषणाचं, डॉक्टरांच्या देखरेखीखालचं खाद्य असतं, ते काम त्याचं. मांजराच्या बाबतीत तर कापाकापी घरच्या घरी करणं धोक्याचं; लठ्ठ मांजर एकदम उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. मांजरांचा विषय आम्ही त्याच बैठकीत बाजूला ठेवला.

मग आपल्याकडे उरतं काय? डॉक्टरांनीच वाट दाखवली, जाता जाता. “चढल्यावर उतरवणं अवघड. चढतं कधी ते बघा ना.” नसबंदीनंतर कुत्र्याची ऊर्जेची गरज साधारण वीस ते तीस टक्क्यांनी घटते आणि भूक मात्र वाढते. घरी कुणी मोजून बघत नाही. उलट ऑपरेशन झालेलं लेकरू म्हणून भांडं थोडं जास्तच भरतं. दहा ते चौदा दिवसांनी टाके काढायला किंवा पाहायला तो पुन्हा दवाखान्यात येतो. त्या भेटीत डॉक्टरांना वेळ असतो, मालक काळजीत असतो आणि ऐकायला तयार असतो. मुख्य म्हणजे अजून कुणाची चूक झालेली नसते, त्यामुळे कुणाला ओशाळं वाटत नाही.

आमची जागा तिथे ठरली: टाके काढायच्या भेटीपासून पुढची दोन-तीन वर्षं. ‘सगळ्या कुत्र्यांसाठी सर्वोत्तम’ म्हणण्यापेक्षा हे खूप लहान होतं आणि संचालकांना ते पचायला वेळ लागला. त्यांचा प्रश्न रास्त होता, बाकीच्या कुत्र्यांना आपण विकायचं नाही का? विकायचं, पण ओळख एकाच क्षणाची. डॉक्टरांना एखादा ब्रँड आठवायचा असेल तर तो कधी आठवायचा हे आधी ठरलेलं असावं लागतं.

पाककृती बदलणं हा भाग वाटला त्यापेक्षा चिवट निघाला. ग्रॅममागची ऊर्जा ३.६ वरून ३.२ वर आणायची, प्रथिनं कायम ठेवायची, तंतू वाढवायचे. दाणे वाळल्यावर त्यांच्यावर चरबी आणि यकृतापासून केलेला चवीचा द्रव फवारतात. कुत्र्याला वास येतो तो त्याचाच. चरबी कमी केली आणि चव पडली. दोन भांड्यांची चाचणी असते: जुनं एका भांड्यात, नवं दुसऱ्यात, दुसऱ्या दिवशी जागा बदलायची, कारण काही कुत्री नेहमी डावीकडचंच भांडं आधी खातात. पहिल्या दोन फेऱ्यांत नव्या दाण्यांना कुत्र्यांनी नुसतं हुंगलं. चरबी तेवढीच कमी ठेवून चवीचा द्रव वाढवला तेव्हा बरोबरी झाली. मग तंतूंमुळे शी वाढली. चाचणीतल्या मालकांनी तक्रार केली की शी उचलायला पिशव्या पुरत नाहीत. तंतूचा प्रकार बदलून ती थोडी आटोक्यात आली, पूर्ण नाही. ते आम्ही पिशवीवर लिहिलं: ‘पहिले काही आठवडे शी थोडी जास्त होईल, घट्ट असेल तर काळजी नको.’ विक्रीवाले हादरले होते. पण हीच ओळ वाचून एका डॉक्टरांनी मला स्वतःहून फोन केला. त्यांनी असं वाक्य पिशवीवर आधी पाहिलं नव्हतं.

सगळ्यात अनपेक्षित अडचण भांड्याची होती. बरोबर मोजलेलं खाद्य भांड्यात अर्धंच दिसायचं. एका ताईंनी चाचणीत सांगितलं, “मला कंजूष वाटतं हो स्वतःचं.” कितीही समजावलं तरी हात आपोआप डब्याकडे जायचा. यावर शब्द चालत नव्हते, म्हणून दाण्याचा आकार बदलला. मध्ये भोक असलेला, फुगीर कड्यासारखा दाणा. वजन तेच, पण भांडं भरलेलं दिसतं, आणि कुत्र्यालाही चावून खावं लागतं. मालकाच्या मनाला हात घालायची माझी जुनी विद्या शेवटी यंत्राच्या साच्यात उपयोगी पडली म्हणायची.

मापाचंही तसंच. आधी आम्ही पिशवीत प्लास्टिकचा कप टाकला होता. ऑफिसात पाच जणांना ‘एक कप’ काढायला सांगितलं तर ७८ पासून ११२ ग्रॅमपर्यंत निघाले, कुणी सपाट तर कुणी शीग लावून. कप काढून टाकला. पिशवीच्या मागच्या पूर्ण बाजूवर एक मोठी रिकामी चौकट ठेवली, ‘याचं रोजचं: ____ ग्रॅम’, आणि ती डॉक्टरांनी भरायची. तक्ता खाली बारीक, नसबंदीनंतरचा गुणक धरून, आणि कॅलरीचा आकडा सगळ्यात ठळक.

त्या चौकटीखालच्या ओळीवर आमचं सगळ्यात जास्त भांडण झालं, आणि तीच शेवटी ब्रँड ठरली. पशुवैद्य एक नियम सांगतात की बक्षिसं, बिस्किटं, ताटातलं सगळं मिळून दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत हवं. त्यावर गेलं की संतुलित खाद्याचं संतुलन बिघडतं. हा नियम मालकाला मनाईसारखा ऐकू येतो. आमच्या चमूतल्या एका कनिष्ठ मुलीने तो उलटा मांडला: दहा टक्के म्हणजे परवानगीच आहे की. तिनेच नाव सुचवलं, ‘लाडाचा वाटा’. २८ किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे ११०० कॅलरी, म्हणजे आमचं खाद्य ३४६ ग्रॅम. त्यातलं ३११ भांड्यात आणि उरलेलं ३५ ग्रॅम, एक मोठी मूठ, सकाळीच वेगळ्या डबीत काढून ठेवायचं. दिवसभर जो कुणी लाड करेल तो त्या डबीतून करेल. घरातली पाच माणसं एकमेकांच्या नकळत पाच बिस्किटं देतात, तेही त्यातच थांबतं. डॉक्टरांना हे ऐकवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “हे मी बोलू शकते. यात कुणाला रागवायचं नाहीये.” त्यानंतर मला वेगळं पत्रक लागलं नाही. जी ओळ पिशवीवर होती, तीच दवाखान्यात बोलली जात होती.

विश्वासाची बाकी किंमत मात्र वेगळी मोजावी लागली. आम्ही आहारचाचणी करायचं ठरवलं, अमेरिकेतल्या पशुखाद्य अधिकाऱ्यांच्या एएएफसीओ या संघटनेच्या पद्धतीने. प्रौढ कुत्र्यांसाठी किमान आठ कुत्री, सव्वीस आठवडे फक्त हेच खाद्य, नियमित वजन, शेवटी रक्ततपासणी. चाचणी पार पडली. ती सांगताना मी जरा फुशारकी मारली असेन, कारण एका ज्येष्ठ डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, “आठ कुत्री ना? आणि सहा महिने?” त्यांचं बरोबर होतं. या चाचणीतून ढोबळ कमतरता नाहीत एवढं दिसतं. दहा वर्षांनी काय होईल ते दिसत नाही, आणि लठ्ठपणा टळतो हे तर अजिबातच दिसत नाही. आमच्या माहितीपत्रात आता कुत्र्यांची संख्या आणि कालावधी पहिल्याच ओळीत आहे. ‘लठ्ठपणा रोखतं’ असं आम्ही कुठेही म्हणत नाही. तो रोगाचा दावा झाला आणि आमच्याकडे त्याचा पुरावा नाही. ‘नसबंदीनंतरच्या गरजेप्रमाणे बनवलेलं’ एवढंच म्हणतो.

तरीही घसरलो. बाजारात उतरल्यावर तिसऱ्या महिन्यात आमच्याच विक्री चमूने एक गोल सोनेरी स्टिकर छापून घेतलं, ‘डॉक्टरांची पसंती’. कुणी विचारलं नाही की कोणत्या डॉक्टरांची, किती जणांची. मला कळलं ते दवाखान्यातल्या फोनवरून. “माझी पसंती तुम्ही छापली का?” आवाज थंड होता. स्टिकरं परत मागवायला दोन आठवडे लागले. मी त्यांना जाऊन भेटले आणि काही सारवासारव केली नाही. पुढचे दोन महिने त्यांनी आमची चौकट भरली नाही, हेही इथे लिहायला हवं. अकरापैकी दोन डॉक्टर अजूनही भरत नाहीत. एकांना दाण्यांची ऊर्जा अजून जास्त वाटते, दुसऱ्यांना मुळातच कोणत्या एका ब्रँडचं नाव घ्यायचं नाही, आणि मला तो आग्रह योग्य वाटतो.

काकांच्या लॅब्राडोरला डॉक्टरांनी उतरवण्याचं वेगळं खाद्य दिलं, आमचं नाही. पाच महिन्यांत तो साडेतीस किलोवर आला. काकांनी मला कळवलं ते वेगळ्याच कारणासाठी: त्यांना ‘ती डबीवाली पद्धत’ त्या दुसऱ्या खाद्याबरोबर चालेल का, ते विचारायचं होतं. मी म्हटलं डॉक्टरांना विचारा, पण चालेल.

गेल्या महिन्यात मी पुन्हा त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. एक तरुण जोडपं टाके दाखवायला आलं होतं, कुत्री २८ किलोची, गळ्यात अजून प्लास्टिकची कॉलर. डॉक्टरांनी टाके पाहिले, काट्यावर उभं केलं, टेबलावरची पिशवी उलटी केली आणि चौकटीत पेनाने ३४६ लिहिलं. मुलीने विचारलं, “इतकंच?”

“भांड्यात ३११,” डॉक्टर म्हणाल्या. “बाकीचे तुमचे.”

मुलाने खिशातून मोबाइल काढून आकड्याचा फोटो घेतला. मग त्याने पिशवी सरळ केली आणि पुढचं चित्र पाहायला लागला.